हटके चटणी, अर्जंट

‘चटणीच्या पाकिटाचं डिझाईन पाहिजे. एकदम हटके. अर्जंट.’

सोलापूरच्या एका शेंगा चटणीवाल्या मालकांनी पुण्यातल्या एका फ्रीलान्स डिझायनरबाईंना धाडलेल्या ईमेलचा हा संपूर्ण मजकूर. विषयाचा रकाना कोरा. सोबत लोगो म्हणून दुकानाच्या पाटीचा फोटो, आणि पाटीवरच्या निम्म्या नावासमोर एक रिक्षा उभी. मालकांच्या बाजूने काम सोपवून झालं होतं. आता चेंडू बाईंच्या कोर्टात आणि रिक्षा लोगोत.

असल्या ईमेलला नवखा फ्रीलान्सर ‘कृपया सविस्तर माहिती पाठवावी’ असं उत्तर देतो. ते नम्र असतं आणि निरुपयोगीही. कारण नेमकं काय पाठवायचं हे ठाऊक असतं, तर मालकांनी ते आधीच पाठवलं असतं. मग ‘तुम्हीच बघा, तुम्ही त्यातल्या जाणकार’ असं उत्तर येतं आणि पंधरवडा वाया जातो. बाई मुरलेल्या होत्या. त्यांनी असं लिहिलं:

‘नमस्कार सर, शेंगा चटणीच्या पाकिटासाठी माझी आठवण ठेवलीत, आभार. काम लगेच सुरू करता यावं म्हणून पाच गोष्टी विचारते. एकेका शब्दात उत्तर दिलंत तरी चालेल.

१. पाकीट किती ग्रॅमचं? तळाशी पसरून उभं राहणारं, की साधं, तीन बाजूंनी सील केलेलं? रिकामं पाकीट हाताशी असल्यास शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवावा.

२. पहिल्या खेपेला अंदाजे किती पाकिटं?

३. अन्न परवान्याची प्रत, घटकांची वजनासह यादी, एमआरपी आणि चटणी किती महिने टिकते ते.

४. लोगोची मूळ फाईल आहे का? नसल्यास नव्याने रेखाटून देईन, त्याचं शुल्क वेगळं.

५. छपाईवाल्याला फाईल कोणत्या तारखेला हवी आहे?

गुरुवारी संध्याकाळपर्यंत आपल्याकडून काही आलं नाही, तर २०० ग्रॅम, साधं पाकीट आणि वर स्टिकर असं धरून कच्चा आराखडा करते. शुल्कात दोन दुरुस्त्या धरल्या आहेत; आराखड्यानंतर पाकिटाचं माप बदलल्यास ते नवं काम समजावं लागेल.’

वरवर पाहता साखर पेरलेलं पत्र. पण यात ‘तुम्हाला कसं डिझाईन आवडेल?’ हा प्रश्न कुठेही नाही. आवडीबद्दल विचारलं की घरातले सगळे मत देतात, आणि धाकट्या मेहुण्यांना मोर हवा असतो. ग्रॅमबद्दल मेहुण्यांचं काही म्हणणं नसतं.

दुसरा प्रश्न सगळ्यात साधा दिसतो आणि सगळ्यात महाग पडतो. छापील पाकिटाची प्लॅस्टिक फिल्म बहुधा ग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापतात. त्यात प्रत्येक रंगाला एक वेगळा सिलिंडर कोरावा लागतो आणि त्याचे पैसे मालकांनाच मोजावे लागतात. पारदर्शक फिल्मवर रंग उठून दिसायचे तर मागे पांढऱ्याचा थर लागतो, म्हणजे आणखी एक सिलिंडर. वर छापील रोल किलोवर विकत घ्यायचा. हजारभर पाकिटांसाठी हा खटाटोप म्हणजे पोळीभाजीच्या डब्यासाठी मंगल कार्यालय बुक करणं. तेवढ्याला तयार पाकीट आणि वर छापील स्टिकर पुरतं. पण स्टिकरला एक माप आणि रोलला दुसरं, म्हणून आकडा कळल्याशिवाय बाईंनी काढलेली रेघ फुकट जाणार. ‘हटके’ आठ रंगांत करायचं की तीन, हेही त्याच आकड्यावर ठरतं.

तिसऱ्या प्रश्नात मालकांच्या स्वप्नातल्या डिझाईनची निम्मी जागा गेली. पाकिटाच्या मागच्या बाजूवर सरकारचा हक्क आधी आणि कलावंताचा नंतर. तिथे १४ अंकी परवाना क्रमांक लागतो; शाकाहाराची खूण, म्हणजे हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका, तर थेट समोरच्या बाजूवर. निव्वळ वजन, सर्व करांसहित किंमत, उत्पादकाचा पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, हे सगळं हवं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, त्यामुळे चटणी कितीही झणझणीत असली तरी मिरचीला शेंगदाण्याच्या मागेच उभं राहावं लागतं. शेंगदाण्याची काहींना ॲलर्जी असते, म्हणून शेंगा चटणीच्या पाकिटावरही ‘यात शेंगदाणा आहे’ असं वेगळं सांगावं लागतं. प्रतिग्रॅम दरही छापायचा: २०० ग्रॅम १२० रुपयांना, तर ग्रॅमला ६० पैसे.

यातलं काहीही डिझायनरला मनाने लिहिता येत नाही. तरी अनेक मालकांची अपेक्षा असते की बाजारातलं एखादं पाकीट समोर ठेवून ‘असंच टाका’. मग चटणी सोलापूरची, पोषणमूल्यं नागपूरच्या सोनपापडीची, असा समन्वय घडतो.

मालकांचं उत्तर बुधवारी रात्री आलं, व्हॉट्सॲपवर, बोलून. मागे कांडपाचा आवाज. पाचांपैकी तीन प्रश्नांची उत्तरं त्यात होती, आणि न विचारलेल्या दोन प्रश्नांची. वजन २०० ग्रॅम. पहिल्या खेपेला दीड हजार पाकिटं. लोगोची फाईल ज्याने केली तो मुलगा आता बेंगळुरूला असतो. शिवाय पाकीट संपूर्ण मराठीत हवं आणि सगळं लालभडक, बारकोडसुद्धा.

बाईंनी पुन्हा लिहिलं, तितक्याच गोडीने. समोरची बाजू मराठीत दिमाखात करू. मात्र कायद्याने सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावाच लागतो; मराठी त्याच्या जोडीला हवी तेवढी. बारकोड मात्र लाल करता येणार नाही. दुकानातला स्कॅनर बहुधा लाल उजेड टाकतो, त्या उजेडात लाल रेघा पांढऱ्या कागदासारख्याच दिसतात आणि यंत्राला काहीच वाचता येत नाही. पांढऱ्यावर काळा ठेवू, दोन्ही कडांना मोकळी जागा सोडून. ‘काउंटरवर पाकीट वाचलं गेलं नाही तर दुकानदार ते बाजूला ठेवील,’ एवढं एकच वाक्य त्यांनी कारण म्हणून जोडलं. कलेबद्दल चकार शब्द नाही.

बारकोडवर मालक लगेच राजी झाले. बाकीची माहितीही आली; उरली परवान्याची प्रत. ती तीन दिवस आली नाही. बाईंनी एका ओळीची आठवण पाठवली: ‘सर, आराखडा तयार आहे, फक्त परवाना क्रमांकाची जागा रिकामी आहे.’ चौथ्या दिवशी फोन. परवाना सापडला होता, पण त्यावर जुन्या वाड्याचा पत्ता होता. कांडप तर केव्हाच एमआयडीसीत गेलं होतं. नव्या पत्त्याच्या परवान्याचं काम आता भाच्याकडे दिलं आहे. तोवर छपाई थांबवायची.

‘म्हणजे तारीख पुढे ढकलू ना, सर?’ बाईंनी विचारलं.

‘ढकला, ढकला. घाई कुणाला आहे?’ मालक म्हणाले. ‘तेवढ्यात तो मोर कुठे बसतोय का बघा.’