डबल बेल

प्रवासाला निघताना माणसं पाण्याची बाटली घेतात. आमच्या प्रवाशाने केसाळ टोपी घातलेला माइक घेतला. वाऱ्याची घरघर आत शिरू नये म्हणून बाहेर वापरायच्या माइकवर अशी फर चढवतात. मुंबई सेंट्रलहून चिपळूणला निघालेल्या एसटीत ही माहिती कुणालाच नसल्यामुळे शेजारच्या बाईंनी पनवेलपर्यंतचा प्रवास पाय वर घेऊन केला. त्यांच्या मते त्याच्या मांडीवर चिचुंद्री होती, आणि ती मेलेली होती की झोपलेली, एवढाच काय तो प्रश्न होता.

प्रवाशाला चिपळुणात काहीही काम नव्हतं. ‘लहानपणची फजिती’ या विषयावर तीन मिनिटांचं निवेदन ध्वनिमुद्रित करायचं त्याने अंगावर घेतलं होतं. त्यात एक आवाज हवा होता : एसटीच्या छताखालून जाणाऱ्या दोरीने वाजणारी घंटी. पुढच्या-मागच्या पिढ्यांच्या सोयीसाठी सांगायचं तर एक घंटी म्हणजे थांब आणि दोन घंट्या, म्हणजे डबल बेल, म्हणजे चल. ड्रायव्हर मागे वळून बघत नाही. घंटी ऐकतो आणि गाडी सोडतो. या साध्या, विश्वासू व्यवस्थेत १९८७ च्या मे महिन्यात एक भोक सापडलं होतं. त्या भोकाचं वय सात वर्षं होतं.

कोकणात पूर्ण लांबीची रेल्वे धावायला अजून अकरा वर्षं होती, म्हणून बाप-लेक एसटीने आजोळी निघाले होते. आई आधीच पुढे गेली होती. महाडच्या पुढे गाडी चहाला थांबली. बाबा खाली उतरले, कंडक्टर पैशांची बॅग काखेला लावून उतरला, ड्रायव्हर चहा पिऊन आपल्या जागेवर येऊन बसला. मुलगा खिडकीशी होता. मुंबईपासून तो कंडक्टरचा हात बघत आला होता आणि त्याला सगळं समजलं होतं. गाडीला उशीर होतोय, मोठी माणसं चहात रमली आहेत, कुणीतरी जबाबदारी घ्यायला हवी. त्याने सीटवर उभं राहून दोरी ओढली. दोनदा.

गाडी सुटली.

इथे प्रवाशाचा पहिला मसुदा फसला होता, आणि कसा फसला ते सांगण्याजोगं आहे. त्याने लिहिलं होतं : ‘आणि मग एक फार गमतीशीर प्रकार घडला. मी दोनदा दोरी ओढल्यामुळे बाबांना आणि कंडक्टरला खाली सोडून बस निघून गेली.’ कागदावर हे चालून जातं. मोठ्याने वाचलं की वाक्य जागच्या जागी मरतं. ‘गमतीशीर’ म्हटल्यावर ऐकणारा हात बांधून बसतो : दाखवा पाहू गंमत. शिवाय गंमत सगळी वाक्याच्या मध्ये, आणि शेवटी ‘निघून गेली’ हे क्रियापद तिच्यावर पाय देऊन उभं. मराठीत क्रियापद सवयीने शेवटी जातं, पण बोलताना आपण ते बिनदिक्कत हलवतो, आणि विनोदाला तीच मुभा लागते. शेवटचा मसुदा असा झाला :

‘टिंग टिंग. (छोटा थांबा.) गाडी सुटली. माझी छाती फुगली. मागे वळून पाहिलं. धुरळ्यात धावत होते दोघं. एक कंडक्टर. (लांब थांबा.) आणि एक माझे बाबा.’

दोन्ही थांब्यांचं माप वेगळं. पहिला अर्ध्या सेकंदाचा, घंटीचा अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात उतरण्यापुरता. दुसरा सेकंदभराचा किंवा थोडा जास्त. तेवढ्यात ऐकणारा स्वतःच ‘बाबा’पर्यंत पोचतो, आणि निवेदक त्याच्या मागून येतो. थांबा फार लांबला तर माणूस फोन बंद पडला असं समजतो. असा सैल वाचायचा मजकूर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या वेगाने जातो, म्हणजे तीन मिनिटांत साडेतीनशे शब्दांच्या आसपास बसतात. प्रवाशाच्या पहिल्या मसुद्यात तेवढे शब्द आजोळच्या आंब्यांवरच खर्च झाले होते. आंबे कापले.

कर्नाळ्याचा सुळका डावीकडे की उजवीकडे, हे त्याने बघितलं नाही. तो वाऱ्याशी झगडत होता.

रस्त्याबद्दल मात्र बोलायलाच हवं. या मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा जन्मलेली मुलं आता मिशा फुटायच्या वयात आहेत आणि रस्ता अजून ‘पर्यायी मार्ग’ असे फलक दाखवतो आहे. प्रत्येक खड्ड्याला माइक उडत होता आणि शेजारच्या बाई किंचाळत होत्या, त्यामुळे त्या दिवसाच्या ध्वनिमुद्रणात आवाज भरपूर आहेत, उपयोगाचा एकही नाही. आणि घंटी? कंडक्टर तरणाबांड होता. गाडीला दोरी होती, पण तो तिच्याकडे ढुंकून न पाहता दाराच्या पत्र्यावर तळहाताने दोन दणदणीत थापा मारत होता. प्रवाशाने अजिजीने विचारलं, “साहेब, एकदा दोरी ओढाल का?” कंडक्टरने केसाळ वस्तूकडे पाहिलं, प्रवाशाकडे पाहिलं आणि तिकीट पुन्हा एकदा तपासलं.

तर १९८७. गाडी सुटून मिनिट झालं तेव्हा गाडीला कळलं की आपल्यात कंडक्टर नाही. लोक ओरडू लागले. इंजिनाचा आवाज असा होता की ड्रायव्हरला वाटलं, लोक आनंदात आहेत. गाडी थांबवायला एकच घंटी पुरली असती. ते ठाऊक असलेला मनुष्य गाडीत होता, पण तो सीटखाली शिरला होता. शेवटी टोपीवाल्या एका गृहस्थांनी पुढाकार घेतला, दोरी पकडली आणि भावनेच्या भरात दोनदा ओढली.

ड्रायव्हरने वेग वाढवला.

हा प्रसंग सांगताना निवेदकाने हसायचं नाही, हे प्रवाशाला फार कष्टाने जमलं. ‘वेग वाढवला’ हे बातम्या वाचल्यासारखं सपाट यायला हवं. आवाज चढवला की ऐकणाऱ्याला कळतं की हसायची सूचना झाली, आणि तो हसत नाही.

मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन निघालेल्या एका आजीने ड्रायव्हरच्या मागच्या जाळीवर वल्हं हाणावं तशी काठी हाणली, तेव्हा कशेडी घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबली. थोड्या वेळाने मागून एक ट्रक आला. केबिनमधून कंडक्टर उतरला, त्याच्या मागून बाबा. बाबांच्या हातात वर्तमानपत्राचा पुडा होता. कंडक्टर दारात उभा राहिला. “डबल बेल कोणी मारली?”

अख्खी गाडी खिडकीबाहेरच्या एकाच झाडाकडे बघू लागली. मग आजी म्हणाली, “माकड होतं रे बाबा. उतरून गेलं.”

कंडक्टरने मान हलवली आणि गाडी सोडली. बाबांनी पुडा उघडून मुलापुढे धरला. “वडा निवला,” एवढंच म्हणाले. पुढे चिपळूण आलं तेव्हा कंडक्टर मुलाजवळ वाकला. “चल, आता तू मार. पण एकच हां.” मुलाने दोन्ही हातांनी एकदाच ओढली. गाडी थांबली. खाली आई उभी होती.

अशा गोष्टींचा गोड शेवट चिकट व्हायला वेळ लागत नाही. प्रवाशाने इथे ‘आजही ती घंटी माझ्या कानात वाजते’ असं लिहिलं होतं, मग स्वतःलाच ऐकवून पाहिलं आणि खोडलं. एकच घंटी ऐकवायची आणि पुढे बोलायचं नाही, असं ठरलं. पुड्यातला वडा मात्र सुरुवातीलाच पेरावा लागला : बाबा खाली का उतरले हे पहिल्या मिनिटात सांगितलं नाही, तर शेवटी पुडा आकाशातून पडतो.

चिपळूण स्थानकात उतरल्यावर तो थोडा वेळ उगाच उभा राहिला. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी इथल्या आगारात शिरलं, तेव्हा कर्मचारी तिकिटांची रोकड घेऊन तासन्तास बसच्या टपावर बसून होते. पैशांची बॅग काखेला लावून चहाला उतरणाऱ्या कंडक्टरची त्याला आठवण झाली. घंटी काही मिळाली नाही. तो परतीच्या गाडीत बसला.

ध्वनिमुद्रण घरी झालं, डोक्यावरून गोधडी घेऊन. रिकाम्या भिंती आवाज परत फेकतात, गोधडी तो गिळते. मे महिन्यात ती निवेदकालाही गिळते. तोंडापासून वीतभर अंतरावर माइक, आणि तोही तोंडासमोर नाही तर जरा तिरपा, कारण प, फ, भ म्हणताना तोंडातून सुटणारा वारा थेट पडद्यावर आदळला की ‘भप्प’ असा धक्का उमटतो. घंटीसाठी देव्हाऱ्यातली घंटा वाजवून पाहिली, तर गाडी सुटण्याऐवजी आरती सुरू झाली. अखेर थोडं पाणी घातलेला स्टीलचा पेला आणि चमचा, यावर काम भागलं.

तयार झालेलं निवेदन त्याने बाबांना पाठवलं. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी उत्तरादाखल बोलून पाठवलं, आणि ते निवेदनाच्या तिप्पट लांब होतं. मधे खोकला, मधे प्रेशर कुकर, थांबे सगळे चुकीच्या जागी.

“ट्रकात मी काहीच बोलत नव्हतो. मला वाटलं, तू मला शोधायला खाली उतरला असशील तर? ते कंडक्टर सारखे सांगत होते, गाडीत आहे ना पोरगा, मग कुठं जात नाही, गाडी माझी आहे. मग म्हणाले, दोरीला हात लावला कुणी असेल? मी म्हटलं, आमचाच असणार. तर हसायला लागले. म्हणाले, मी विचारीन जोरात, तुम्ही मधे पडू नका... अगं, शिट्टी झाली बघ तिसरी... हां, तर त्यांना माहीत होतं.”

प्रवासी गोधडीतून बाहेर आला नाही. इतकी वर्षं माकडावर बिल फाडून सुटलो असं तो समजत होता. दारात उभं राहून ओरडणारा माणूस नाटक करत होता, आणि गाडीतल्या चाळीस जणांना वाटत होतं की नाटक आपण करतोय.

बाबांचं बोलणं संपलेलं नव्हतं. “आणि तो वडा नव्हता. भजी होती, कांद्याची. दुरुस्त कर.”

आता ‘वडा’ सहज उच्चारता येत होता. ‘भजी’च्या ‘भ’ला माइक दर वेळी दचकत होता. त्याने माइक आणखी तिरपा केला, गोधडी पुन्हा ओढून घेतली आणि वाक्य परत म्हटलं. मागे स्वयंपाकघरात कुणीतरी विचारलं, “एवढ्या उकाड्यात भजी कुणाला हवीयत?”