उरले फक्त २१ दिवस!

कॉलेजच्या फेस्टला २१ दिवस उरले आहेत, अशी बातमी मिरजेतल्या एका कॉलेजच्या इन्स्टाग्राम खात्यावर झळकली. काळी पार्श्वभूमी, मधोमध सोनेरी आकडा, मागे धूर. खाली ‘कमिंग सून’. काय येतंय, कुठे येतंय आणि किती वाजता येतंय, हे गुपित आहे. कॉलेजचं नावही कोपऱ्यात इतकं बारीक की वाचायला चष्मा लागतो. धूर मात्र मोबाइलचा पडदा भरून आहे.

दुसऱ्या दिवशी हाच धूर २० या आकड्यामागे होता, तिसऱ्या दिवशी १९ च्या. असे तीन आठवडे.

आमचा भाचा या फेस्टच्या ‘पब्लिसिटी’ कमिटीत होता. फेस्ट हा शब्द आम्हाला नवा नाही. आमच्या वेळी त्याला गॅदरिंग म्हणत आणि त्याची प्रसिद्धी नोटीस बोर्डावरच्या एका कागदावर उरकत असे. तो कागद पोरं फाडायची, म्हणजे वाचलेला असायचा. भाच्याला हे सांगून उपयोग नाही. तो म्हणतो, “मामा, हाइप करावी लागती. एकदम सांगितलं तर कोण येतंय?” एकदम सांगितलं नाही तर कोण येतंय, हा प्रश्न कमिटीच्या बैठकीत कुणी विचारला नसावा.

ही तीन आठवड्यांची रीत मुंबईहून आली. आयआयटीचा ‘मूड इंडिगो’ १९७१ पासून भरतो, झेवियर्सचा ‘मल्हार’ १९७९ पासून. पवईला देशभरातून पोरं येतात. त्यांना रेल्वेचं आरक्षण हवं, राहायची सोय हवी, घरून पैसे हवेत. त्यांना आधीपासून हाका मारत राहण्यात अर्थ आहे, कारण हाक ऐकून त्यांना काहीतरी करायचं असतं. मिरजेच्या फेस्टला येणारा अर्धा प्रेक्षक मागच्या हॉस्टेलमध्ये राहतो. त्याला २१ दिवस आधी कळून करायचं काय? तो गॅलरीतून मंडप घालताना बघणारच आहे. उरलेला अर्धा बेडग, आरग, मालगाव, म्हैसाळकडून एसटीने येतो. त्याला आधी कळायला हवंच, पण त्याला काय कळायला हवं ते धुरात दिसत नाही. त्याकडे मागाहून येतो.

आधी गणित. दिवस २१. सांगण्यासारख्या गोष्टी किती? तारीख, जागा, पाहुणा, स्पर्धांची यादी आणि प्रवेशिका कुठे द्यायच्या ते. झाल्या पाच. उरले सोळा दिवस. या सोळा दिवसांना काहीतरी खायला घालायचं म्हणून कमिटीने ‘मीट द टीम’ काढलं. रोज एक पदाधिकारी, हाताची घडी, मान तिरकी. जनरल सेक्रेटरी, जॉइंट सेक्रेटरी, डेकोरेशन हेड, डेकोरेशन को-हेड. हेड इतके निघाले की रांगोळी काढायला हात उरतात की नाही, अशी शंका यावी. प्रत्येक फोटोला कमिटीतल्या सगळ्यांचा लाइक पडतो, त्याशिवाय कुणाचाच नाही. म्हणजे कमिटी रोज कमिटीला कळवते की कमिटी आहे.

हेही एक वेळ चाललं असतं. खरी गंमत पुढे आहे आणि ती इन्स्टाग्रामच्या चालीची आहे. २०१६ सालापासून इन्स्टाग्रामने पोस्टी वेळेच्या क्रमाने दाखवणं सोडलं. कुणाला काय आवडेल याचा अंदाज बांधून ते आपल्या मर्जीने पुढे-मागे दाखवतं. त्यामुळे आरगच्या पोराला सोमवारी ‘११ दिवस बाकी’ दिसलं आणि बुधवारी ‘१४ दिवस बाकी’. त्याला वाटलं, फेस्ट पुढे ढकलला. त्याने मित्राला विचारलं. मित्राला त्याच दिवशी ‘९ दिवस बाकी’ दिसलेलं. तारीख कुठल्याच पोस्टवर नव्हती, कारण तारीख सांगितली की मजा जाते, असं भाच्याच्या हेडचं मत. फेस्ट नक्की कधी यावर दोघांची पैज लागली आणि ती सोडवायला शेवटी कॉलेजच्या शिपायाला फोन करावा लागला. शिपायाने एका वाक्यात तारीख सांगितली.

आकडा खपतो तो स्टोरीत. स्टोरी २४ तासांत आपोआप पुसली जाते, त्यामुळे तिथला शिळा आकडा कुणाच्या समोर येत नाही. पोस्ट मात्र खात्यावर राहते, तिच्यावर तारीख हवी. एवढा साधा फरक आहे. स्टोरीत उलट मोजणीचं तयार स्टिकरही मिळतं. त्यावर बोट ठेवून आठवण लावून घेता येते. कमिटीने तेही लावलं. पण त्यातली मेख अशी की मोजणी शून्यावर आली की फोन वाजतो. म्हणजे उद्घाटनाचा नारळ फुटतो त्या क्षणी म्हैसाळच्या मुलीला घरी आठवण येते, की निघायला हवं होतं. शहाण्याने मोजणीचा शेवट कार्यक्रमाच्या वेळेवर न ठेवता प्रवेशिका देण्याच्या शेवटच्या दिवसावर ठेवावा. हे भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, “मग झीरो आल्यावर काय दाखवायचं?” धूर संपलेला नव्हता तर!

शेवटच्या नऊ दिवसांसाठी कमिटीने हुकमाचं पान राखून ठेवलं होतं. पाहुणे म्हणून एका मालिकेतला थोरला दीर येणार होता. त्याच्या उभ्या फोटोचे नऊ तुकडे करायचे, रोज एक टाकायचा. खात्यावर एका ओळीत तीन पोस्टी दिसतात, तेव्हा नऊ तुकड्यांच्या तीन ओळी होऊन अखंड थोरला दीर उभा राहील, अशी योजना. योजनेत एकच अडचण होती. नवी पोस्ट वर डावीकडे बसते आणि जुन्या एकेक घर पुढे सरकतात. म्हणून चित्र जुळवायचं तर सुरुवात खालच्या उजव्या कोपऱ्यातून करावी लागते. पहिल्या दिवशी एक बूट आला. दुसऱ्या दिवशी गालिचा. तिसऱ्या दिवशी दुसरा बूट. तीन दिवस अख्खी मिरज बूट बघत होती. खाली कुणीतरी विचारलं, “चपलांच्या दुकानाचं उद्घाटन हाय का?”

चौथ्या दिवशी एक हात आला, पाचव्या दिवशी पोट. सहाव्या दिवशी सकाळी ऑफिसातून आदेश सुटला की विलंब शुल्कासह परीक्षा फी भरण्याची नोटीस याच खात्यावर टाका, कारण पोरं हल्ली इथेच असतात. नोटीस पडली. भाच्याने पुढचे चार तुकडे ठरल्याप्रमाणे रोज एक असे टाकले आणि नवव्या तुकड्यानंतर खातं उघडून पाहिलं. वरची ओळ बरोबर होती, थोरला दीर हसत होता. मधल्या ओळीत त्याच्या पोटाच्या जागी ‘विलंब शुल्क’ होतं. पोट सरकून हाताच्या जागी गेलं होतं, हात डाव्या बुटाच्या जागी, डावा बूट गालिच्यावर, गालिचा उजव्या बुटाच्या जागी आणि पहिल्या दिवशीचा तो उजवा बूट एकटाच चौथ्या ओळीत, डेकोरेशन को-हेडच्या शेजारी.

यावर उपाय एकच, मध्ये घुसलेली पोस्ट अर्काइव्हमध्ये टाकायची. ती दिसेनाशी होते, बाकीच्या आपोआप जागेवर येतात. भाच्याने तसं केलं. अवयव जागेवर आले. नोटीस मात्र गायब झाली, तेव्हा फी भरायची मुदत वाढली अशी कॉलेजभर आवई उठली आणि खिडकीपुढची रांग मोडली. दुपारी नोटीस परत आली, पोट परत हाताच्या जागी गेलं. तीन आठवड्यांत सगळ्यांत जास्त लोकांनी एकमेकांना पाठवलेली पोस्ट हीच. आणि इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी सांगतातच की बघणाऱ्यांपैकी किती जणांनी पोस्ट दुसऱ्याला पाठवली, हे त्यांच्याकडे मोठ्या मानाने मोजलं जातं. त्या हिशेबाने फेस्टची खरी पब्लिसिटी परीक्षा विभागाने केली.

आपल्याच गावात याच्या उलटा मामला आहे, म्हणून सांगतो. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं आणि लोक येतात. तिथे कुणी खाँसाहेबांच्या पगडीचे नऊ तुकडे करून टाकल्याचं ऐकिवात नाही. उरूस कधी हे गावाला ठाऊक असतं, जागा ठरलेली असते, एवढ्यावर भागतं. शिवाजी विद्यापीठाचा युवा महोत्सवही परिपत्रकावर चालतो. जिल्ह्याचा आधी, मध्यवर्ती नंतर, तारीख अमुक, स्थळ अमुक, कलाप्रकारांची यादी सोबत जोडली आहे. त्या रुक्ष कागदावर पोरं लोकनृत्याच्या तालमी सुरू करतात. कारण त्या कागदावर तालीम करण्यापुरती माहिती असते. धुरावर तालीम करता येत नाही.

फेस्टच्या प्रवेशिकांचं काय झालं? फॉर्मचा दुवा पोस्टीखालच्या मजकुरात दिला होता. इन्स्टाग्रामवर तिथे दिलेला दुवा बोट ठेवून उघडत नाही, तो खात्याच्या माहितीत किंवा स्टोरीत द्यावा लागतो. इंग्रजी अक्षरांची ती लांबलचक ओळ हाताने टाइप करण्याइतकं कुणाचं रांगोळीवर प्रेम नव्हतं. शेवटी दोन दिवस आधी मराठीच्या मॅडम चिडल्या, त्यांनी प्रत्येक वर्गाच्या सीआरला वही देऊन पिटाळलं आणि तासाच्या मधल्या पाच मिनिटांत वही भरली. फिशपाँडच्या पेटीतही त्याच दिवशी चिठ्ठ्या पडायला लागल्या. त्यांतल्या बऱ्याच थोरल्या दिराच्या बुटावर होत्या, असं कळतं.

आता मघाशी राहिलेली बेडगची गोष्ट. तिथून येणाऱ्या मुलीला फेस्टबद्दल एकच माहिती हवी असते, तो सुटणार किती वाजता. घरी परवानगी मागताना वडील पहिला प्रश्न तोच विचारतात, कारण त्यांच्या डोक्यात गावाकडची शेवटची एसटी असते. पाहुणा कोण, हा प्रश्न त्यांनी अजून तरी विचारलेला नाही. २१ पोस्टींमध्ये सुरू होण्याची वेळ एकदा आली, सुटण्याची वेळ एकदाही नाही. त्या मुली आल्या नाहीत आणि कमिटीच्या अहवालात ‘ग्रामीण विद्यार्थिनींचा अल्प प्रतिसाद’ अशी नोंद झाली.

तेव्हा पुढच्या वर्षीच्या कमिटीला विनंती. धूर ठेवा, सोनेरी आकडाही ठेवा, हौसेला मोल नाही. पण त्याच चित्रावर ठसठशीत अक्षरांत तारीख, जागा, सुरू होण्याची वेळ आणि सुटण्याची वेळ टाका. सुटण्याची वेळ शेवटच्या एसटीच्या अर्धा तास आधीची ठेवा आणि पाळा. आणि परीक्षा फीच्या नोटिशीसाठी ऑफिसला वेगळं खातं काढून द्या.