महोत्सवातून परतलेला माणूस

लघुमाहितीपट करणारा माणूस दोन वर्षं आपली फिल्म कुलपात ठेवतो. पासवर्ड असलेली लिंक फक्त निवड समित्यांना आणि फार तर सासऱ्यांना मिळते. त्याला कारणही तसंच असतं. इंटरनेटवर आधीच खुली असलेली फिल्म काही महोत्सव घेत नाहीत. त्यामुळे तो कुलूप सांभाळत गावोगाव फिरतो, गळ्यातली ओळखपत्रं घरी खुंटीला अडकवतो, आणि एक दिवस महोत्सव संपतात. मग तो जाहीर करतो, "आता फिल्म लोकांना देऊन टाकायची." इथपर्यंत तो दानशूर कर्ण असतो. यूट्यूबचा अपलोड फॉर्म उघडला की मात्र त्याचा विश्वामित्र होतो.

आमच्या मित्रवर्यांची फिल्म एकोणीस मिनिटांची. पुण्यातल्या तांबट आळीच्या आसपास भट्टी मांडणाऱ्या एका कल्हईवाल्या चाचांवर. काम उत्तम आहे, त्यात वाद नाही. भांडं निखाऱ्यावर तापतं, चाचा नवसागराची चिमूट टाकतात, पांढरा धूर उसळतो, कथलाची कांडी टेकली की ती वितळते आणि कापसाच्या बोळ्याच्या एका फेऱ्यात काळवंडलेलं पातेलं आतून चांदीसारखं होतं. हे सगळं त्याने इतक्या जवळून टिपलंय की पाहणाऱ्याला ठसका लागावा. फिल्मचं नाव मात्र 'शेष'.

"शेष शोधलं की शेषनाग येतो आणि भागाकार येतो," मी म्हटलं. सबटायटल्स माझी, म्हणून फॉर्म भरायलाही मलाच बोलावलं होतं.

"येऊ दे. प्रेक्षकाने थोडं चालत यावं."

शीर्षकाला शंभर कॅरेक्टर्सची जागा असते आणि त्याने तीन वापरली होती. उरलेल्या जागेत 'कल्हईवाल्याची गोष्ट, मराठी माहितीपट' एवढं बसवायला अर्धा तास आणि दोन कप चहा लागला. मूळ नावाला धक्का लावायचा नाही, ते आधी राहील, पुढे उभी रेघ आणि मग सामान्य माणसांसाठीचा मजकूर, अशी तडजोड झाली. 'सामान्य माणसांसाठी' हे शब्द त्याचे.

मग गोषवारा. महोत्सवाच्या कॅटलॉगसाठी लिहिलेला त्याच्याकडे तयार होता: "विस्मरणाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या धातूच्या स्मृतीशी साधलेला एक मौन संवाद." कॅटलॉगात हे खपतं. तिथला माणूस तिकीट काढून खुर्चीत बसलेला असतो, त्याला कुतूहल वाटलं तरी पुरे. इथे वाचणारा बोटाने वर सरकत असतो आणि वर्णनाची पहिली एकदोन वाक्यंच त्याला दिसतात, बाकीचं घडी उघडल्याशिवाय दिसत नाही. तेवढ्यात कोण, कुठे, काय करतंय आणि काय अडलंय हे यायला हवं. मित्राने त्या मोक्याच्या जागी महोत्सवांची यादी टाकली होती, पानांच्या महिरपीची चिन्हं लावून. कल्हई हा शब्द बाविसाव्या ओळीत होता, तोही 'कल्हईसदृश प्रक्रिया' असा.

आम्ही लिहिलं: "पुण्याच्या जुन्या पेठेत चाचा आजही निखाऱ्यावर पितळी भांड्यांना कल्हई करतात. घराघरांत स्टील आलं, भट्टी मात्र पेटती ठेवायचीय." मित्राने ते वाचून छातीवर हात ठेवला. "हे तर कळतंय!" असं तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडी ती तक्रार होती.

वर्णनात द्यायच्या श्रेयनामावलीने आम्हाला सर्वांत जास्त छळलं. 'कलाकार' या मथळ्याखाली त्याने स्वतःचं नाव घातलं होतं, कारण निवेदन त्याचं. खाली ड्रोनवाला, रंगदुरुस्ती, पोस्टर, सहपोस्टर. चाचा कुठे? 'विशेष आभार', सातवी ओळ, चहावाल्याच्या शेजारी. माहितीपटात पडद्यावर दिसणारा माणूस भूमिका करत नाही, म्हणून आयएमडीबीवर त्याच्या नावापुढे पात्राच्या जागी `Self` असं लिहितात. म्हणजे सगळ्यांत वरच्या नावावर हक्क चाचांचा. हे पटवल्यावर नाव कसं लिहायचं हा प्रश्न आला. फिल्मच्या शेवटी एक स्पेलिंग, कॅटलॉगात दुसरं, पोस्टरवर तिसरं. अशाने एकाच माणसाची तीन माणसं होतात आणि शोधणाऱ्याला एकही सापडत नाही. शेवटी चाचांनाच फोन लावला. त्यांनी आधारकार्डावरचं नाव सांगितलं, वर विचारलं, "नंबर पण टाकताय ना? भांडी तरी येतील."

"चाचा, ही जाहिरात नाहीये," मित्र दुखावून म्हणाला.

"मग कशाला टाकताय?"

याचं उत्तर द्यायला दिग्दर्शकाला चारपाच मिनिटं लागली, आणि ते चाचांना पटलं नाही. नंबर सगळ्या जगासमोर टाकणं मलाही बरं वाटलं नाही. परिसराचं नाव टाकलं, चाचांच्या परवानगीने.

टॅग्जच्या रकान्यात मित्राने भरलं होतं: अस्तित्व, स्मृती, मौन, उत्तर-वसाहतवाद, स्पर्श. रात्री अकरा वाजता मोबाइलवर 'मौन' शोधणाऱ्या माणसाला विपश्यना हवी असते, कथील नको असतं. आता टॅग्जनी फार काही साधत नाही, हे यूट्यूब स्वतःच सांगतं. लोक ज्याचं स्पेलिंग चुकवतात अशा शब्दांपुरता त्यांचा उपयोग. पण कल्हई हा नेमका तसाच शब्द. म्हणून टाकलं: `कल्हई`, `कलई`, `kalhai`, `kalai`, `kalhaiwala`. मित्र म्हणाला, "हे वाण्याच्या यादीसारखं दिसतंय." दिसू दे. 'स्पर्श' तेवढा त्याच्या हट्टाखातर ठेवला.

भाषेच्या रकान्यात त्याने इंग्रजी निवडलं होतं, कारण सबटायटल्स इंग्रजी. पण तिथे विचारतात ती बोलण्याची भाषा. परिणाम असा की यंत्राने चाचांचं मराठी इंग्रजी समजून आपोआप मथळे उमटवले आणि 'नवसागर' म्हणताच पडद्यावर कुणा 'नोवा'चा उल्लेख झाला. ती कोण, असं मित्राच्या बायकोने विचारल्यावर भाषा तातडीने मराठी झाली आणि माझी फाइल वेगळी चढली.

राहिली प्रकरणं. एकोणीस मिनिटांत कुणाला थेट धुराकडे जायचं असेल तर वर्णनात वेळा लिहाव्या लागतात. किमान तीन, चढत्या क्रमाने, प्रत्येक प्रकरण निदान दहा सेकंदांचं, आणि पहिली वेळ शून्यच हवी. मित्राची यादी `00:45` पासून सुरू होत होती, म्हणून एकही प्रकरण दिसत नव्हतं. त्याने हे यंत्राचं षड्यंत्र ठरवलं होतं.

"शून्यापासून का नाही?"

"पहिली पंचेचाळीस सेकंदं काळा पडदा आहे. तिथे काही घडत नाही. ती शांतता आहे, प्रकरण नाही."

"मग तिला तेच नाव दे."

यावर तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. व्हेनिसमध्ये कुणीतरी आपल्याला समजून घेतलं असावं, तसा. मग टाइप केलं:

```
00:00 शांतता
00:45 भट्टी पेटते
06:10 नवसागर आणि धूर
11:30 कथील
```

फिल्म खुली झाली. आठवड्याने त्याचा फोन आला, आवाज खोल गेलेला. त्याने प्रेक्षक कुठे थांबतात, कुठून पुढे उडी मारतात तो आलेख पाहिला होता. झाडून सगळे `06:10` वर जातात. अनेक जण धूर मागे नेऊन दुसऱ्यांदा पाहतात. शांततेवर कोणी टिकत नाही.

"मग चांगलंच आहे की," मी म्हटलं, "धूर बघतात लोक."

तो काही बोलला नाही. रात्री मी सहज पाहिलं, तर वर्णनात बदल झाला होता: `00:00 शांतता (कृपया थांबावे)`.