दहा दिवसांचा उन्हाळा

‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्हाला मनापासून खेद आहे. मात्र आपल्या ऑर्डरची परतीची मुदत २२ फेब्रुवारीला संपली असल्याने रक्कम परत करता येणार नाही.’

हे पत्र कळमन्याच्या मिरची बाजारात अडत्याच्या वह्या सांभाळणाऱ्या आमच्या दिवाणजींना ऐन एप्रिलात आलं. प्रकरण कूलरचं आहे. ‘उन्हाळ्याआधीची महाबचत’ अशा जाहिरातीला भुलून त्यांनी तो मागवला आणि १२ फेब्रुवारीला खोकं घरी आलं. खोकं उघडलं एप्रिलात. पंखा फिरतो, पंप घुंघुं करतो, पण जाळीवर पाण्याचा थेंब नाही.

माल न तपासता घेतल्याबद्दल दिवाणजींना कुणी बोलू नये. त्यांचा जन्म मिरचीच्या ढिगात हात घालून, तोडून, हुंगून मगच बोली लावणाऱ्यांच्या शेजारी गेला आहे. इथे आधी माल पाहतात, मग भाव बोलतात. कंपनीकडे आधी पैसे, मग खोकं, मग दहा दिवस.

आता हे दहा दिवस बघा. १२ ते २२ फेब्रुवारी. नागपुरात तेव्हा रात्री पांघरूण लागतं. कंपनीचं म्हणणं असं, की कर्तव्यदक्ष ग्राहकाने त्याच थंडीत कूलर खिडकीला लावावा, टाकीत पाणी भरावं, स्वेटर घालून समोर बसावं, कुटुंबालाही बसवावं आणि कुडकुडत सगळ्या जाळ्या ओल्या होतात का ते पाहावं. दिवाणजी म्हणाले, “भाऊ, फेब्रुवारीत कूलर लावून निमोनिया करून घेऊ का मी?” करून घ्यायचा, दिवाणजी! निमोनियाचं बिल जोडलं असतं तर तक्रार मुदतीत बसली असती. चैत्रात छत्री विकायची आणि दहा दिवसांत पावसात उघडून पाहा म्हणायचं, असा हा हिशेब. माल उन्हाळ्याचा, सवलत हिवाळ्याची आणि मुदत कंपनीच्या सोयीची. त्यात वॉरंटी एक वर्षाची, तीही बिलाच्या तारखेपासून. म्हणजे ती पुढच्या फेब्रुवारीत संपणार, दुसरा उन्हाळा उंबरठ्यावर असताना. वर्षभराची म्हणून विकलेली ही वॉरंटी एकाच उन्हाळ्याची निघाली. हे कुणा माणसाला सुचलं असेल तर त्याला मे महिन्यात कळमन्याच्या टिनाच्या शेडखाली बसवा!

पण राग बाजूला ठेवून पत्राचा तळ वाचावा लागतो, कारण कामाचं सगळं तिथेच पुरलेलं असतं. तीनदा खेद झाल्यावर बारीक अक्षरात तीन पर्याय दिले होते. पहिला, वॉरंटीत तंत्रज्ञ घरी येऊन पंप मोफत बदलेल. दुसरा, जवळच्या दुकानातून पंप घेऊन बिल पाठवलं तर तेवढी रक्कम मिळेल. तिसरा, ५०० रुपयांचं कूपन, ४,००० च्या वरच्या खरेदीवर, पंधरा दिवसांत. तिसरा पर्याय म्हणजे दुसऱ्या खोक्याचं आमंत्रण. पहिले दोन मात्र खरे आहेत. कूलरचा पंप काही शे रुपयांचा, बदलणं काही मिनिटांचं काम. एका पंपासाठी अख्खा कूलर परत मागणं ही दिवाणजींचीही थोडी घाईच होती.

त्यांना पहिला पर्याय घ्यायला लावला, एका अटीवर. तंत्रज्ञाकडून जॉबशीट लिहून घ्यायची, त्यात ‘पंप सुरुवातीपासून सदोष’ असं असेल तर तसं स्पष्ट लिहायला लावायचं. पुन्हा बिघडला तर तोच कागद बोलतो. कारण परतीची मुदत हे विक्रेत्याने दिलेलं वचन असतं, सदोष मालाची जबाबदारी तिच्याबरोबर संपत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस धरतात. इथे दहा लिहिलेत, म्हणून त्या मुद्द्यावर भांडून उपयोग नाही. पण सदोष मालाची तक्रार ग्राहक आयोगाकडे करायला दोन वर्षं मिळतात, आणि ती राहत्या जिल्ह्यात करता येते. त्याआधी १९१५ हा हेल्पलाइन क्रमांक आहे. ऑनलाइन विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा, असाही नियम आहे.

हे सगळं कंपनीला चार ओळींत लिहिता आलं असतं: ‘पैसे परत मिळणार नाहीत, मुदत संपली. पंप वॉरंटीत आहे. तंत्रज्ञ अमुक दिवशी येईल, हा तक्रार क्रमांक. घाई असेल तर पंप विकत घ्या, बिल पाठवा.’ खेद नसता तरी चाललं असतं, वार हवा होता.

कंपनीला आमची एकच सूचना आहे. उन्हाळी मालाची मुदत १ एप्रिलपासून मोजा. तारीख कशी दिसते याची काळजी करू नका; त्या दिवशी कुणाला मूर्ख बनवायचं, ते तुम्ही फेब्रुवारीतच ठरवलेलं असतं.