काहीच न लावल्याचा वास

माटुंगा स्टेशनच्या बाहेर गजरेवाल्यांच्या बाजूने नुसतं चालत गेलं तरी मोगरा घरापर्यंत पाठ सोडत नाही. अशा वस्तीत वाढलेल्या माझ्या भाचीने पहिल्या पगारातून परफ्युमची बाटली आणली आणि मनगट माझ्या नाकाशी धरलं. नुकत्याच आंघोळ केलेल्या माणसाचा वास आला.

"काय लावलंयस?"

"मामा, तेच तर! काही लावलंय असं वाटतच नाही."

किंमत ऐकून ताई म्हणाली, "मग न लावता फुकटात वाटलं असतं की!"

ह्या प्रकाराला 'क्लीन मस्क' म्हणतात. आमच्या माटुंग्यात जुन्या यूडीसीटीत सुगंधांचं तंत्रज्ञान शिकवतात. तिथे शिकलेल्या शेजाऱ्याने आमचं प्रबोधन केलं. बाटलीतल्या मस्कचा कस्तुरीमृगाशी संबंध नाही. 1888 साली आल्बर्ट बाउर हा रसायनतज्ज्ञ स्फोटकांच्या मागे लागला होता. स्फोट राहिला बाजूला, हाती लागला कस्तुरीचा वास. पुढे 1960च्या दशकात मस्कच्याच वासाचं गॅलॅक्सोलाइड आलं. त्याला पाण्याचं वावडं. कपडे कितीही खळबळून काढा, ते सुताला धरून बसतं. साबणवाल्यांना आणखी काय हवं? जगभरच्या धुण्यात ते शिरलं आणि हाच वास म्हणजे स्वच्छता, असं आपल्या नाकांनी ठरवून टाकलं. थोडक्यात, वाळत घातलेल्या चादरीचा वास भाचीने पहिल्या पगारातून विकत घेतला होता.

तरी तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सकाळच्या लोकलमध्ये परक्या माणसाचं नाक आपल्या खांद्यावर असतं. तिथे उग्र अत्तर म्हणजे हल्लाच. हा वास मात्र जवळ येईल त्यालाच कळतो. शिवाय "परफ्युम कुठला?" असं न विचारता लोक "तू छान दिसतेयस" म्हणतात. श्रेय बाटलीला न जाता थेट माणसाला मिळतं. पैसे त्याचेच असतात.

गंमत पुढेच आहे. मस्कचे रेणू बोजड, आणि प्रत्येकाच्या नाकाला प्रत्येक मस्क कळत नाही. घरात त्याच मनगटावर ताईला साबण आला, आजीला लहान बाळाची पावडर, आणि भावोजींना शून्य. "दुकानदाराने पाणी भरून दिलंय," म्हणून ते बिल शोधायला लागले. म्हणूनच बनवणारे एकाच बाटलीत दोन-तीन मस्क घालतात. एक हुकला तर दुसरा लागतो.

त्यात लावणाऱ्याचं नाक थोड्याच वेळात सरावतं. वास उडाला असं वाटून तो आणखी चार फवारे मारतो, आणि लिफ्टमध्ये शेजारचा खोकतो. तेव्हा घ्यायचंच असेल, तर दुकानातल्या कागदी पट्टीवर जाऊ नका. मनगटावर लावा, अर्धा तास भटकून या आणि आणखी दोन नाकांना विचारा. त्यातलं एक नाक भावोजींचं नसावं.