नानांचा शुक्र

शेजारच्या घरात नवरा-बायकोचं वाजलं की आपण टीव्हीचा आवाज कमी करतो. नाना पंचांग उघडतात. असा एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतोच. आमच्या वाट्याला आलेले हे नाना बँकेतून निवृत्त झालेत आणि व्याजाचे हिशेब करायची खाज आता ग्रहांच्या अंशांवर भागवतात. भांडणाचं कारण ते विचारत नाहीत. चूक कुणाची, तेही नाही. डोळे पुसणाऱ्या बाईलाही त्यांचा पहिला प्रश्न एकच: "किती वाजता लागलं?"

त्यांचं शास्त्र तसं सुटसुटीत आहे. शुक्र दिवसाला साधारण सव्वा अंश चालतो, म्हणून तो समेटाचा आठवडा सांगतो. चंद्र दिवसात तेरा अंश कापतो, म्हणून तो वार आणि वेळ सांगतो. दोघांपैकी कुणाच्या जन्मशुक्रावर किंवा जन्मचंद्रावर हे दोन ग्रह गोचरीने आले, त्याच्यासमोर आले किंवा त्याच्याशी त्रिकोणात आले, की राग उतरतो. शुक्र वक्री असेल तर मात्र नाना केसच घेत नाहीत. दीड वर्षाच्या अंतराने कधीतरी तो चाळीसेक दिवस उलटा चालतो, आणि तेवढे दिवस "सध्या भांडूच नका" असा त्यांचा सगळ्या मजल्यांना निरोप असतो.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या जोडप्याचं रविवारी इस्त्रीच्या कपड्यांवरून फाटलं. नाना जिन्यातच आडवे आले. "किती वाजता?" नवरा वैतागून म्हणाला, पावणेसात. झालं! नवऱ्याचा जन्मशुक्र कर्केत दहा अंशांवर, गोचरीचा शुक्र चार अंशांवर. सहा अंश तोडायला पाच दिवस, म्हणजे शुक्रवार. बायकोचा चंद्र वृश्चिकेत बारा अंशांवर. रविवारी संध्याकाळी चंद्र कन्येच्या सहा अंशांवर होता. उरलेले सहासष्ट अंश कापायला त्यालाही पाचच दिवस. "शुक्रवारी पावणेसात!" नानांनी निकाल दिला. "तोवर दोघांनी एक अक्षर बोलायचं नाही. योग बिघडतो."

बुधवारी सकाळी मुलीची स्कूलबस चुकली. तिला सोडायला बाप धावत निघाला, आईने खिडकीतून ओरडून डबा विसरल्याचं सांगितलं, आणि डबा हातात देताना "हेल्मेट घाला" असंही म्हणाली. भांडण मिटलं. नाना दुपारपर्यंत घुश्श्यात होते. मग पंचांग घेऊन माझ्याकडे आले. "साडेआठलाच ना? चंद्र तुळेत दहा अंशांवर! त्याच्या शुक्राशी केंद्रयोग! मी आपला युती धरून बसलो. केंद्रयोगानेही मिटतं हो, जरा आदळआपट होते इतकंच."

मी कागद ओढला. दोघांचे मिळून बिंदू चार. प्रत्येकाशी चंद्राची एक युती, एक प्रतियोग, दोन त्रिकोण. सत्तावीस दिवसांच्या फेरीत सोळा योग. त्यात हे केंद्रयोग घातले की चोवीस. म्हणजे जवळजवळ रोज एक! कुठलंही भांडण कधीही मिटो, चंद्र तिथे हजर. नानांनी कागद नीट बघितला आणि खूश होऊन म्हणाले, "बघा, निसर्गाने केवढी सोय केलीय!" अशा माणसाशी वाद कसा घालायचा?

शिवाय एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते. "शुक्रवारपर्यंत बोलू नका" या नानांच्या हुकमामुळे आमच्या इमारतीत कितीतरी जहरी वाक्यं तोंडातल्या तोंडात राहिली आहेत. वकिलाचा नंबर शोधणाऱ्या एका मुलीला त्यांनी पुढच्या पौर्णिमेपर्यंत थांबवलं होतं. ती अजून याच इमारतीत राहते, नवऱ्यासकट.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र हे शास्त्र लंगडं पडतं. काकूंची जन्मतारीख आहे, वेळ नाही. पहाट होती की रात्र, हे त्यांच्या आईलाही कधी सांगता आलं नाही. शुक्राचं त्यावाचून अडत नाही. दिवसभरात तो सरकून सरकून किती सरकणार? पण चंद्र तेरा अंशांत कुठेही असू शकतो. त्यामुळे काकू रुसल्या की नानांना ना वार सांगता येतो ना वेळ. ते पंचांग मिटतात आणि स्वयंपाकघरात जाऊन बसतात.

परवा वाटीभर साखर मागायला गेलो, तर दोघं जमिनीवर परात मध्ये घेऊन डाळिंब्या सोलत होते. कुणी बोलत नव्हतं. मला संधी सोडवेना. "काय नाना, किती वाजता लागलं?"

"कळलं नाही हो," नाना खालच्या आवाजात म्हणाले. "माझ्या लक्षात आलं तेव्हा लागून बराच वेळ झाला होता."

"मोड मोडताहेत," काकू परातीकडे बघत म्हणाल्या. "हळू सोला."