कुणाच्या जागी?

प्रत्येक दैनिकाच्या क्रीडा पानावर एक भाऊ असतो. आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या आवृत्तीतही आहे. केस पिकलेले, खिशाला दोन पेनं आणि काखेत एक जाडजूड वही. भारताचा संघ जाहीर व्हायचा असला की त्या दिवशी भाऊ डबा खात नाहीत. लग्नघरात मुलीकडचे जसे पाहुण्यांची वाट बघतात, तसे ते टीव्हीसमोर बसतात आणि पंधरा नावं वाचून झाली की पहिला प्रश्न विचारतात, "राहिलं कोण?"

संघात कोण आलं हे सगळ्यांनाच कळतं. राहिलं कोण, ही भाऊंची बातमी.

19 ऑगस्ट 2025 रोजी आशिया कपचा संघ जाहीर झाला. मुंबईत धो धो पाऊस, त्यामुळे पत्रकार परिषदच उशिरा सुरू झाली. सूर्यकुमार कर्णधार, शुभमन गिल उपकर्णधार आणि श्रेयस अय्यर बाहेर. आमच्या डेस्कवरच्या नव्या पोराने अर्ध्या तासात मथळा लावला, 'श्रेयसवर घोर अन्याय!'

"उद्गारचिन्ह कुणाचं आहे?" भाऊंनी विचारलं.

"म्हणजे, सर?"

"श्रेयस बोलला का असं? आगरकर बोलले? मग हे चिन्ह तुझं आहे. ते काढ आणि आकडे आण."

पोरगं हुशार. तक्ता तयारच होता. आयपीएल 2025 मध्ये गिलच्या 650 धावा, श्रेयसच्या 604. पण गिलचा स्ट्राइक रेट 156 च्या आसपास आणि श्रेयसचा 175. शिवाय श्रेयसने पंजाबला अंतिम सामन्यापर्यंत नेलं, आदल्या वर्षी कोलकात्याला विजेतेपद मिळवून दिलं. आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीत तो शेवटचा खेळला तो डिसेंबर 2023 मध्ये बंगळुरूला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध, आणि त्या सामन्यातही त्याने अर्धशतक केलं होतं. पोराने विजयी मुद्रेने कागद पुढे सरकवला.

भाऊंनी चष्मा पुसला. "आकडे बरोबर आहेत. माणूस चुकीचा धरलास. गिल सलामीला येतो. श्रेयस येतो तिसऱ्या-चौथ्याला. त्या जागेवर आज कोण आहे ते बघ."

बघितलं. एक तिलक वर्मा. त्याने नोव्हेंबर 2024 मध्ये दक्षिण आफ्रिकेत लागोपाठ दोन शतकं ठोकलेली. दुसरा सूर्यकुमार. त्याच्या त्या आयपीएलमधल्या धावा 717, आणि तो स्वतःच कर्णधार. पोराचा चेहरा पडला. भाऊंचा मात्र खुलला. बातमी पडली की वार्ताहराचा चेहरा खुलताना मी तरी भाऊंचाच पाहिलाय.

"एक प्रकार, एक जागा, एक काळ," भाऊ वहीवर बोट आपटत म्हणाले. "रणजीच्या धावा टी-ट्वेंटीच्या वादात घालायच्या नाहीत. सलामीवीराची तुलना मधल्या फळीशी नाही. आणि दोन वर्षांपूर्वीचा फॉर्म आजचा म्हणून खपवायचा नाही. हे तीन पाळले तर निम्मे अन्याय डेस्कवरच मिटतात."

"आणि उरलेले निम्मे?"

"ते खरे असतात. त्यांना मोठी चौकट द्यायची."

मग आलं निवड समितीचं म्हणणं. अजित आगरकर बोलले त्याचा अर्थ असा की श्रेयसची यात काही चूक नाही, आणि आमचीही नाही. पंधराच जागा आहेत, त्याला कुणाच्या जागी घ्यायचं ते तुम्हीच सांगा. त्याला संधीची वाट पाहावी लागेल. पोराने कॉपीत लिहिलं, 'श्रेयसची चूक नाही, आगरकरांची कबुली.' त्यावर भाऊ खुर्चीतून उठलेच.

"अर्धं वाक्य छापलंस! 'आमचीही नाही' कुठं गेलं? उद्या वाचणारा म्हणेल, निवड समितीच कबूल करतेय. कबुली कसली? माणसाने हात झटकलेत, आणि तूच त्याला हात जोडायला लावतोयस."

पूर्ण वाक्य छापलं. मथळा बेचव झाला. डाक आवृत्तीचं पान तसंच सुटलं.

आता राहिली खेळाडूची प्रतिक्रिया. इथे भाऊंची खरी कसोटी. करारात बांधलेला खेळाडू निवड समितीवर सहसा बोलत नाही. बोलतात ते वडील, लहानपणचे प्रशिक्षक, आणि तीस वर्षं न खेळलेले माजी खेळाडू. श्रेयसचे वडील संतोष अय्यर बोलले. टी-ट्वेंटी संघात यायला त्याने आणखी काय करायचं, असा त्यांचा सवाल होता. पोराने लगेच लिहिलं, 'अय्यर नाराज.' भाऊंनी विचारलं, "कुठला अय्यर?" आणि स्वतःच्या हाताने 'श्रेयसचे वडील नाराज' असं केलं. श्रेयस स्वतः बोलला तो पुढे काही आठवड्यांनी. आपण संघात असायला हवं हे ठाऊक असताना बाहेर बसणं त्रास देतं, पण दुसरा सातत्याने चांगला खेळत असेल तर त्यालाच पाठिंबा द्यायचा, असं काहीसं. भाऊंनी तेही अख्खं घेतलं. दुसरं एखादं डेस्क पहिला अर्धा भाग घेऊन थांबलं असतं.

रात्री शहर आवृत्ती सोडून गुलमंडीच्या टपरीवर गेलो. तिथे निकाल आधीच लागलेला होता.

"कामून घेतलं नाही श्रेयसला, भाऊ? मुंबईवाल्यांची लॉबी हाय ना सगळी."

भाऊंनी बशीत चहा ओतला. "अरे बाबा, निवड समितीचा अध्यक्ष मुंबईचा. कर्णधार मुंबईचा. आणि राहिला तो श्रेयसही मुंबईचाच. ही कसली लॉबी? असली लॉबी असेल तर मराठवाड्यात एक शाखा उघडा म्हणावं, आपली पोरं तरी लागतील."

टपरी शांत झाली. पण भाऊंचाही एक कच्चा दुवा आहे, आणि तो नेमका अशा वेळी सुटतो. त्याचं नाव इक्बाल सिद्दिकी. आपल्या शहराचा वेगवान गोलंदाज. डिसेंबर 2001 मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळला. त्याच कसोटीत बीडला जन्मलेला संजय बांगरही पदार्पण करत होता. इक्बालने एक बळी घेतला, आणि विजयाला पाच धावा हव्या होत्या तेव्हा गोलंदाज असूनही त्याला सलामीला धाडण्यात आलं. भारत दहा गडी राखून जिंकला. इक्बाल पुन्हा कधी कसोटी खेळला नाही.

हा परिच्छेद भाऊ प्रत्येक निवडवादात घालतात. जिल्हा खो-खो संघावरून भांडण झालं तरी शेवटी मोहाली येतेच. 'एक प्रकार, एक जागा, एक काळ' हे तिन्ही नियम तिथे पायदळी जातात. उपसंपादक दर वेळी तो परिच्छेद छाटतो, आणि भाऊ दर वेळी विचारतात, "जागा कमी पडली का?"

एकदा पोराने धीर करून विचारलं, "सर, इक्बालला पुढे घ्यायचं तर कुणाच्या जागी?"

भाऊ बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एका कसोटीवर माणूस जोखला गेला, एवढंच माझं म्हणणं आहे. कुणाला काढा असं मी कधी लिहिलं नाही." आणि हे खरं आहे. मी जुने अंक चाळले. कुठेही 'अन्याय' हा शब्द नाही, उद्गारचिन्हही नाही.

28 सप्टेंबरला दुबईत भारताने पाकिस्तानला हरवून आशिया कप जिंकला. अंतिम सामन्यात नाबाद 69 धावा कुणी केल्या? त्याच तिलक वर्माने. सहा दिवसांनी ऑस्ट्रेलिया दौऱ्याचा एकदिवसीय संघ जाहीर झाला, त्यात श्रेयस अय्यर उपकर्णधार होता. भाऊंनी दोन्ही बातम्या सारख्याच आकाराच्या मथळ्यात दिल्या.

तेव्हा पुढच्या वेळी क्रीडा पानावर 'डावललं' वाचाल, तर ज्याला डावललं त्याच्या नावाखाली दुसरं एक नाव शोधा. ज्याच्या जागी त्याला घ्यायचं त्याचं. ते नाव बातमीत नसेल, तर वार्ताहराने अर्धंच काम केलंय असं खुशाल समजा.